फोटोवरून होडीचा प्रकार ओळखायचा आहे : डोरी, डिंगी की आणखी काही?

ओहोटी
नमस्कार मंडळी. एका जुन्या फोटोखाली दोन ओळींची नोंद लिहायची आहे आणि तिथेच अडलं आहे. फोटो इथे चढत नाहीये, म्हणून दिसतं तसं सांगते.

वाळूवर ओढून ठेवलेली लाकडी होडी आहे, मागून आणि थोडी बाजूने टिपलेली. फळ्या एकमेकींवर चढवलेल्या आहेत, एका बाजूला नऊ मोजता येतात. मागची बाजू सपाट कापलेली, तिच्यावर सुकाणू लटकतंय आणि वरच्या काठाला अर्धगोल खाच आहे. मध्यभागी एक उभी लाकडी पेटी दिसते. डोलकाठी आखूड आहे, अगदी पुढे उभी, आणि तिला बाजूने एकही तार नाही. शीड कुठेच नाही. आत दोन लांब काठ्या पडल्या आहेत, त्यांतल्या एकीच्या टोकाला बेचकीसारखं काहीतरी आहे. शेजारी एक माणूस उभा आहे.

कोणी म्हणतं डोरी, कोणी म्हणतं डिंगी, आणि एकाने तर "स्लूप" असं ठोकून दिलं. नोंदीत काय लिहू?

सुताररंधा
डोरी. चढवलेल्या फळ्या, वर पसरत गेलेल्या बाजू, मागे वल्ह्याची खाच. तिन्ही खुणा डोरीच्या आहेत.

पडाव
थांबा जरा, रंधाभाऊ. तिन्ही खुणा डोरीत असतात हे खरं, पण तिन्ही डिंगीतही असतात. मग त्यांनी निवाडा कसा होणार?

आधी एक गुंता सोडवू. डोरी, डिंगी, स्किफ ही धडाची नावं. स्लूप, लग, गॅफ ही शिडाच्या मांडणीची. एकाच धडावर तीन तऱ्हांची शिडं चढू शकतात, म्हणून नोंदीत दोन्ही वेगवेगळी लिहायची. स्लूप म्हणजे एक डोलकाठी आणि तिच्या पुढेही एक शीड. फोटोत शीडच नाही, तर स्लूप कशावरून ठरवलं, ते म्हणणाऱ्यालाच विचारा.

आता धड. डोरीचा तळ सपाट असतो आणि ट्रान्सम, म्हणजे मागची सपाट बाजू, अगदी अरुंद, खाली निमुळता होत टोकाला येणारा. थडग्यावरचा दगड उलटा रोवावा तसा. डिंगीचा ट्रान्सम रुंद असतो आणि गोल पोटाच्या डिंगीत तो खाली वळत वळत कण्याला मिळतो, वाईनच्या पेल्यासारखा. ओहोटीताई, तुमच्या फोटोत यांतलं कोणतं?

ओहोटी
रुंद आहे असं वाटतं. पण खालचा भाग सुकाण्यामागे लपला आहे, त्यामुळे पेला की दगड हे ठामपणे सांगता येत नाही.

काठावरचा
"रुंद वाटतं" यावर विसंबू नका. फोटो मागून आणि जवळून घेतला असेल तर ट्रान्सम कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ येतो आणि आहे त्यापेक्षा बराच मोठा दिसतो. रुंद कोनाच्या लेन्सने तर डोरीचा हातभर ट्रान्समही भिंतीसारखा दिसेल. त्याची तुलना पुढच्या टोकाशी करू नका. लगतच्या मागच्या बैठकीच्या फळीशी करा, कारण ती कॅमेऱ्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. ट्रान्समची वरची कड त्या फळीच्या निम्म्याहून कमी असेल तर डोरीचा विचार करू. पाऊणपट किंवा जास्त असेल तर डोरी विसरा.

ओहोटी
स्क्रीनवर पट्टी लावून मोजलं. ट्रान्सम ४१ मिमी, फळी ४७.

पडाव
म्हणजे डोरी नाही. आणखी एक पाहा, कारण हे पट्टीशिवाय दिसतं. होडी वाळूवर सरळ बसली आहे की कलली आहे?

ओहोटी
कलली आहे, डावीकडे. आणि डावीकडे पोटाखाली लाकडाचा ठोकळा सरकवलेला आहे.

पडाव
झालं तर. सपाट तळाची होडी वाळूवर ताटासारखी बसते, तिला ठोकळा कोण कशाला लावेल? ठोकळा लावलाय म्हणजे खाली कणा आहे आणि पोट गोल आहे. ही गोल पोटाची डिंगी. डिंगी हा शब्द तसा आपल्याच बाजूचा, हिंदी-बंगालीतून इंग्रजीत गेलेला आणि तिथून जगभर फिरून परत आलेला.

सुताररंधा
मान्य, ठोकळ्याने मला पाडलं. पण एक शंका उरतेच. ही खरंच लाकडी आहे का? फायबरच्या होड्यांनाही साच्यातूनच चढवलेल्या फळ्यांचं रूप देतात. लांबून रंग दिला की डोळा फसतो.

पडाव
शंका रास्त आहे. ट्रान्समच्या उभ्या कडेला मोठं करून बघा. खऱ्या लाकडात प्रत्येक फळीचं टोक तिथे संपतं, त्यामुळे कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते आणि रंग उडाला असेल तर लाकडाचा आडवा छेदही दिसतो. फायबरमध्ये बाजू आणि ट्रान्सम हे एकच सलग वळण असतं, कोपरा गोलसर. दुसरी खूण नाळेपाशी. लाकडात फळ्या पुढच्या टोकाकडे जाताना एकमेकींत घासून बसवतात, म्हणून शेवटच्या वीतभरात पायरी विरत जाते आणि फळ्या सपाट होऊन नाळेत शिरतात. साच्याच्या नकलेत बऱ्याचदा पायरी टोकापर्यंत तशीच ठसठशीत राहते.

वल्हवणारी
आणि आतून? बरगड्या जवळजवळ असतील, साधारण वीतभर अंतरावर, आणि फळ्यांच्या जोडावर तांब्याच्या खिळ्यांची टिपक्यांसारखी रांग असेल, तर ती जुन्या पद्धतीची. प्लायवूडच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या होडीत खिळ्यांची रांग नसते, बरगड्या जवळपास नसतातच, आणि फळ्या रुंद म्हणून संख्येने कमी असतात. एका बाजूला नऊ फळ्या म्हणजे प्लायवूड असण्याची शक्यता कमी.

ओहोटी
पायऱ्या स्पष्ट आहेत. आत बरगड्याही दिसतात, दाट. खिळे या फोटोत दिसत नाहीत.

मत्स्यगंधा
मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडेही एक फोटो आहे, चाळीसेक फुटी बोटीचा. पुढे केबिन, मागे जाळ्याचा डोंगर. सगळे ट्रॉलर म्हणतात. ट्रॉलरच ना?

पडाव
जाळं दिसलं की ट्रॉलर, ही सवय सोडा. ट्रॉलर म्हणजे जाळं मागे ओढत नेणारी बोट, आणि ती ओढायच्या सामानावरून ओळखायची. मागच्या दोन कोपऱ्यांना दारासारख्या दोन जड फळ्या लटकलेल्या दिसतात का? पाण्यात त्या बाहेर सरकतात आणि जाळ्याचं तोंड उघडं धरतात. सोबत तारेच्या दोरांचे दोन ड्रम असलेला विंच हवा, आणि मागे बहुधा कमानीसारखा सांगाडा.

मत्स्यगंधा
दारं नाहीत. जाळ्याच्या एका कडेला बोयांची रांग आणि दुसऱ्या कडेला पितळी कड्यांची.

पडाव
मग ती पर्ससीन. कड्यांतून दोर ओवलेला असतो, तो ओढला की जाळ्याचं तोंड खालून बटव्यासारखं आवळतं. ट्रॉलला अशा कड्या लागत नाहीत. धड दोघींचं सारखंच असू शकतं, त्यामुळे केबिन पाहून काही ठरणार नाही.

सुताररंधा
मूळ विषयावर येऊ. शिडाचं मी सांगतो. एका काठीला बेचकी आहे म्हणजे ती गॅफ. बेचकी डोलकाठीला कवटाळते. दुसरी काठी खालची, बूम. गॅफ मांडणी. माझ्याकडून हा भाग संपला.

पडाव
अर्धं बरोबर. बेचकी डोलकाठीला कवटाळते, पण बेचकी कोणत्या काठीला आहे यावर सगळं अवलंबून आहे. तीन शक्यता आहेत.

गॅफ असेल तर बेचकीची काठी वरची आणि सहसा दोघींत आखूड. गंटर असेल तर बेचकीची काठी वरचीच, पण लांब, जवळजवळ डोलकाठीएवढी, कारण ती डोलकाठीला समांतर उभी राहून तिची उंची वाढवते. आणि लग असेल तर वरच्या काठीला बेचकी नसतेच. ती डोलकाठीला आडवी टांगलेली असते, तिचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे जातो. तेव्हा बेचकी सापडली तर ती खालच्या काठीला.

ताई, बेचकी लांब काठीला आहे की आखूड?

ओहोटी
आखूड वाटते तिला.

सुताररंधा
बघा! आखूड काठीला बेचकी. गॅफ.

काठावरचा
"आखूड वाटते" हे पुन्हा तेच. त्या काठ्या कशा पडल्या आहेत? एक कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल तर ती फोटोत दबून आखूडच दिसणार. आठ फुटी काठी चार फुटी दिसते. लांबीवर अजिबात भरवसा ठेवू नका.

पडाव
काठावरचांशी सहमत. लांबीऐवजी जाडी बघा. काठी दबून दिसली तरी ती साधारण कुठे सर्वांत जाड आहे ते कळतं. काठीवर ताण जिथे पडतो तिथे सुतार तिला जाड ठेवतो आणि टोकांकडे तासत नेतो. लगची वरची काठी एकाच दोराने उचलतात, पुढच्या टोकापासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर बांधून. म्हणून ती तिथे जाड, आणि दोर घासून तिथे काळा पट्टा पडलेला किंवा चामडं गुंडाळलेलं असतं. गंटरची काठी खालच्या भागात जाड आणि वर सुळकेदार. बूमची जाडी मध्यावर किंवा मागे, जिथे शीड आवरायचा दोर बांधतात.

बेचकी नसलेली काठी नीट बघा. आणि तिच्या टोकांना काय आहे तेही. ती गॅफ मांडणीतली बूम असेल आणि तिला बेचकी नसेल, तर डोलकाठीशी जोडायला एका टोकाला लोखंडी बिजागरी हवी.

ओहोटी
मोठं करून पाहिलं. बिनबेचकीची काठी एका टोकापासून तिसऱ्या हिश्श्याजवळ फुगीर आहे आणि तिथे हातभर गडद पट्टा आहे. दोन्ही टोकांना लोखंड नाही, नुसती आरपार भोकं. बेचकीची काठी जवळजवळ सारख्या जाडीची आहे, मध्यावर किंचित जास्त.

पडाव
मग बिनबेचकीची वरची आणि बेचकीची खालची. भोकं शिडाचे कोपरे ताणून बांधायला. आता डोलकाठीकडून पडताळू. गॅफला वर चढवायला दोन दोर लागतात, एक बेचकीपाशी आणि एक टोकाकडे, म्हणून डोलकाठीवर दोन ठिकाणी कप्प्या हव्यात. शिवाय शीड डोलकाठीला धरून ठेवणारी लाकडी कडी किंवा दोराचे वेढे. लगला एक दोर पुरतो.

ओहोटी
टोकाजवळ एकच खाच आहे, तिच्यात चाक असावं. लाकडी कडी नाहीत. पण डोलकाठीभोवती एक लोखंडी कडं आहे, खाली घसरून बैठकीवर टेकलंय. त्याला आकडा आहे.

वल्हवणारी
लोखंडी कडं म्हणजे गंटर नव्हे का? सरकत्या गंटरमध्ये लोखंडी कडी असतात हे नक्की.

पडाव
असतात, पण दोन, आणि ती वरच्या काठीला पक्की ठोकलेली. काठी उतरवली की कडी तिच्याबरोबरच राहतात. इथे एकच कडं आहे, ते डोलकाठीवर मोकळं फिरतंय आणि त्याला आकडा आहे. हे लगचं कडं. वरच्या काठीवरच्या त्या काळ्या पट्ट्यापाशी दोराचा फास असतो, तो आकड्यात अडकवायचा आणि कडं दोराने वर खेचायचं. काठी डोलकाठीला चिकटून राहते. बाजूच्या तारा नाहीत हेही याच्याशी जुळतं.

आणि आता रंधाभाऊंची बेचकी कामाला येते. लगमध्येही पोटजाती आहेत. डिपिंग लगला सहसा बूमच नसते. बॅलन्स लगची बूम डोलकाठीच्या पुढे निघून जाते, म्हणून तिच्या टोकाला बेचकी असून उपयोग नाही. बूम डोलकाठीपाशीच सुरू होते आणि बेचकीने तिला टेकते, ती स्टँडिंग लग. तेव्हा तुमच्या होडीची मांडणी स्टँडिंग लग.

सुताररंधा
बेचकी माझीच, निकाल तुमचा. चालायचंच.

भोवरा
सगळ्यांनी एवढा खल केला, पण माझ्या मते ही ओंडक्यातून कोरलेली होडी असू शकते. आमच्याकडच्या संग्रहात अशी एक आहे, तिच्यातही बरगड्या आहेत.

वल्हवणारी
भोवरा, बाहेरून नऊ फळ्या मोजून झाल्या आहेत. कोरलेल्या होडीत फळ्यांचे जोड कुठून येणार? फार तर काठ उंच करायला वर एखादी फळी शिवलेली किंवा ठोकलेली असते.

तुमच्या संग्रहातल्या होडीबद्दल मात्र बरगड्यांवरून घाबरू नका. ओंडका कोरून, गरम करून फाकवतात तेव्हा तो पुन्हा मिटू नये म्हणून बरगड्या घालतात, कधीकधी कोरतानाच लाकडात उंचवटे ठेवतात. तिच्या दोन टोकांवर बघा. ओंडक्याचा आडवा छेद तिथे उघडा पडतो, आणि गाभ्यापासून बाहेर पसरत जाणाऱ्या भेगा दिसतात. आत वाकसाचे उथळ घाव असतात. काठाची जाडी हाताहाताला बदलते आणि तळ बाजूंपेक्षा जाड असतो. फायबरची नक्कल असेल तर काठ सगळीकडे सारखा, आणि जिथे टवका उडालाय तिथे लाकडाऐवजी काचधाग्याची वीण.

भोवरा
काठाला बाहेरून एक लाकूड दोन दांड्यांवर जोडलेलं आहे, समांतर. ते काय?

वल्हवणारी
उलांडी. अरुंद धड कलंडू नये म्हणून. पण उलांडी आहे म्हणून धड कोरलेलंच असेल असं नाही, फळ्यांच्या होडीलाही उलांडी लावतात. टोकांच्या भेगाच बघा.

ओहोटी
परत माझ्या होडीकडे. लांबी किती लिहू? माणूस शेजारी आहे म्हणून अंदाज काढता येईल का?

काठावरचा
माणूस होडीच्या कोणत्या भागाशेजारी आहे त्यावर अवलंबून. ट्रान्समपाशी उभा असेल तर त्याच्या उंचीने ट्रान्समची रुंदी मोजा, लांबी नको. लांबी कॅमेऱ्यापासून दूर पळतेय, ती दबणारच. मी असं करेन : रुंदी काढून तिच्या अडीचपट धरायची आणि "सुमारे" लिहायचं. गोल पोटाच्या छोट्या डिंगीत हे गुणोत्तर साधारण त्याच आसपास असतं.

ओहोटी
माणूस मागच्या बैठकीच्या जरा पुढे, होडीला टेकून उभा आहे. त्याची उंची साडेपाच फूट धरली तर तिथे रुंदी पावणेपाच फूट येते. म्हणजे बारा फुटांच्या आसपास.

पडाव
माणसाची उंची तीन इंच चुकली तर लांबी अर्ध्या फुटाहून जास्त हलेल, तेव्हा "सुमारे १२ फूट" ठीक. मध्यभागची पेटी सेंटरबोर्डची, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या फळीची. पेटी लांब असेल तर फळी खिळीवर फिरून खाली जाते, आखूड असेल तर ती सुरीसारखी सरळ खाली सरकवायची. नोंद अशी लिहा : "चढवलेल्या फळ्यांची, गोल पोटाची डिंगी, सुमारे १२ फूट, मध्ये सेंटरबोर्डची पेटी, स्टँडिंग लग मांडणी, शीड उतरवलेलं."

ओहोटी
पेटी लांब आहे, दोन बैठकींच्या मधलं जवळजवळ सगळं अंतर व्यापते. नोंद अशीच लिहिते. पण एक गोष्ट अजून सुटली नाही. डोलकाठी सगळ्यात पुढच्या बैठकीच्या फळीतून उभी आहे. तिच्या मागच्या, म्हणजे दुसऱ्या फळीच्या कडेलाही डोलकाठी अडकवायचं तसंच अर्धगोल लोखंडी कवाड आहे. रिकामं.

वल्हवणारी
अरे वा, डोलकाठीची दुसरी जागा! पुढे एक तिकोनी शीड जोडलं की वाऱ्याचा जोर पुढे सरकतो, मग तोल सांभाळायला डोलकाठी मागे घ्यावी लागते. म्हणजे ही होडी कधीतरी दोन शिडांवर चालायची. स्लूप म्हणणारा अगदीच चुकला नव्हता.

पडाव
शक्य आहे, पण एवढ्यावर मी लिहिणार नाही. वारा जास्त असताना शीड कमी करून डोलकाठी मागच्या जागी नेण्याचीही रीत आहे, आणि तिथे पुढचं शीड नसतं. पुढचं शीड खरंच असेल तर त्याचे दोर मागे आणायला दोन्ही काठांवर एकेक कडी किंवा लाकडी डोळा हवा, आणि नाळेच्या टोकाला अडकवायला काहीतरी.

ओहोटी
नाळेवर कडी आहे. काठावर एक बाजूच दिसते, तिथे काही नाही.

काठावरचा
नाळेवरची कडी होडी बांधायच्या दोराचीही असते. प्रत्येक होडीला असते ती. पुरावा म्हणून शून्य.

वल्हवणारी
पण काठावरची कडी काढून टाकलेली असू शकते. स्क्रूची भोकं बघा.

ओहोटी
या फोटोत तेवढं स्पष्ट नाही. त्याच होडीचा आतून घेतलेला आणखी एक फोटो मिळाला आहे. दुसऱ्या फळीच्या बरोबर खाली तळाशी डोलकाठीचा बुंधा बसायचा खळगा आहे का ते बघायला गेले, तर तिथे पावसाचं पाणी साचलंय. काही दिसत नाही.

पडाव
मग त्या लोखंडी कवाडाच्या आतल्या बाजूचं लाकूड बघा. डोलकाठी तिथे खरोखर उभी राहिली असेल तर लाकूड घासून गुळगुळीत, काळपट झालेलं असेल. कोरं आणि रंग शाबूत असेल तर कवाड बसवलं पण वापरलं नाही.

ओहोटी
रंग आहे. पण बाकी होडीच्या रंगापेक्षा नवा दिसतोय.